‘जर’ कुठे गेला? वर्धा १९४०, अलाहाबाद १९४२ आणि बैठकीचं इतिवृत्त लिहिण्याचा प्रश्न

आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर अगदी साधा आहे. एखाद्या बैठकीत कडाक्याचं भांडण होतं. दोन-तीन दिवस चालतं. मग कुणालातरी त्याचा सारांश लिहावा लागतो. सगळं लिहिता येत नाही, म्हणून काहीतरी गाळावं लागतं. तर काय गाळायचं, आणि गाळूनही सगळ्या बाजूंना न्याय कसा द्यायचा? आपल्या ग्रामपंचायतीत, सोसायटीत, शाळेच्या समितीत हे काम कुणीतरी रोज करत असतं. पण मी आज उदाहरण घेणार आहे ते इतिहासातलं, आणि त्याचा एक पाय पक्का वर्धा जिल्ह्यात आहे.

१९३४ नंतर काँग्रेस कार्यसमितीच्या कितीतरी बैठका वर्ध्याला झाल्या. कारण उघड आहे. गांधीजी आधी मगनवाडीत आणि मग सेवाग्रामला राहायला आले आणि जमनालाल बजाजांची बजाजवाडी पाहुण्यांसाठी सदैव उघडी असायची. देशाचे पुढारी नागपूरहून किंवा मुंबईहून गाडीनं वर्ध्याला उतरायचे, वाद घालायचे, आणि शेवटी एक कागद बाहेर यायचा. आपल्याकडे त्या कागदांचा अभ्यास होतो तो ‘काय ठरलं’ एवढ्यापुरता. मी आज बघणार आहे ते दुसरं: आत जे झालं त्यातलं कागदावर काय आलं, काय आलं नाही, आणि त्यामुळे कुणाचं काय झालं.

सुरुवात जून १९४० पासून करू.

युरोपात फ्रान्स कोसळत होता. १४ जूनला जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. त्याच आठवड्याच्या पुढे-मागे कार्यसमिती वर्ध्याला बसली. प्रश्न असा होता की, उद्या भारत स्वतंत्र झाला आणि बाहेरून आक्रमण झालं, किंवा आत दंगे उसळले, तर देशाचं रक्षण अहिंसेनंच करायचं का? गांधीजींचं म्हणणं होतं, होय, आणि काँग्रेसनं हे आत्ताच जाहीर करावं. राजाजींना ते मान्य नव्हतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सरदार पटेलांनाही या वेळी ते मान्य नव्हतं. वीस-बावीस वर्षं गांधीजींच्या मागे उभा असलेला माणूस समोर बसून ‘इथपर्यंत मी येऊ शकत नाही’ असं म्हणतो, तेव्हा खोलीत काय वातावरण असेल ते सांगायला नको. खान अब्दुल गफार खान मात्र गांधीजींच्या बाजूला होते. पुढे जुलैमध्ये त्यांनी याच मुद्द्यावर कार्यसमिती सोडली.

आता २१ जूनचं कार्यसमितीचं निवेदन पाहा. ते तीन गोष्टी सांगतं. पहिली, स्वातंत्र्याच्या लढ्यात काँग्रेस अहिंसेचंच धोरण पाळणार आहे. दुसरी, बाहेरचं आक्रमण आणि आतली अव्यवस्था यांच्या बाबतीत समिती गांधीजींबरोबर शेवटपर्यंत जाऊ शकत नाही. तिसरी, गांधीजींना त्यांच्या मार्गानं जायचं स्वातंत्र्य आहे आणि काँग्रेसच्या कार्यक्रमाच्या जबाबदारीतून समिती त्यांना मोकळं करते.

यात काय गाळलंय? कोण काय म्हणालं ते गाळलंय. कोण कुणावर रागावलं, कोण दुखावलं, ते गाळलंय. पटेलांचं नाव नाही, राजाजींचं नाव नाही. पण मतभेद गाळलेला नाही! तो नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते मापून सांगितलंय. लढ्यात अहिंसा यावर एकमत, राज्याच्या संरक्षणात अहिंसा यावर मतभेद. मतभेदाची हद्द अशी आखली की दोन्ही बाजूंची सोय होते. गांधीजी हरले असंही कुणी म्हणू शकत नाही, आणि समिती त्यांच्यापासून पार तुटली असंही नाही.

त्याचा परिणाम आपल्याला वर्धा जिल्ह्यातच दिसतो. ब्रिटिशांनी ऑगस्टमध्ये जो देकार दिला त्यानं कुणाचंच समाधान झालं नाही. सप्टेंबरमध्ये मुंबईला महासमितीनं नेतृत्व पुन्हा गांधीजींकडे दिलं, आणि १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाचं पहिलं भाषण केलं. चार महिन्यांत माणसं परत एकत्र आली. त्याचं श्रेय एकट्या निवेदनाला देणं चुकीचं होईल, राजकारणाची गरज होतीच. पण निवेदनानं परतीचा रस्ता बंद केला नव्हता, एवढं नक्की म्हणता येईल. कुणाला आपलं आधीचं वाक्य गिळावं लागलं नाही, कारण कुणाचंही वाक्य त्याच्या नावावर छापलंच नव्हतं.

हे झालं चांगलं उदाहरण. आता फसलेलं.

एप्रिल १९४२. क्रिप्स येऊन गेलेत, हाती काही लागलेलं नाही. सिंगापूर पडलंय, रंगून पडलंय, जपान बंगालच्या दारात आलाय. अलाहाबादला २७ एप्रिलपासून कार्यसमिती बसली. गांधीजी स्वतः गेले नाहीत, ते सेवाग्रामलाच राहिले. त्यांनी ठरावाचा मसुदा लिहिला आणि तो मीराबेनच्या हाती अलाहाबादला पाठवला. ही एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे: ज्याच्या मसुद्यावर भांडण होणार होतं तो माणूस खोलीत नव्हता.

मसुद्याचं सार असं. ब्रिटन भारताचं रक्षण करू शकत नाही. जपानचं भांडण भारताशी नाही, ब्रिटिश साम्राज्याशी आहे. ब्रिटिशांनी इथून जावं. भारत मोकळा झाला तर त्याचं पहिलं पाऊल बहुधा जपानशी बोलणी करण्याचं असेल. आणि तरीही जपान चालून आलाच, तर त्याच्याशी अहिंसक असहकार करायचा, त्याच्यापुढे गुडघे टेकायचे नाहीत, त्याचे हुकूम पाळायचे नाहीत.

जवाहरलाल नेहरूंना हे पटलं नाही. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. इंग्रजांची फौज एकदम निघून गेली तर जपान ती पोकळी भरणार. जपान साम्राज्यवादी आहे, भारत जिंकणं त्याच्या बेतात आहे. आणि मसुद्याचा सूरच असा आहे की जगाला वाटेल, आपण मुकाट्यानं जपान-जर्मनीच्या रांगेत उभे राहतोय. दुसऱ्या बाजूनं पटेल, राजेंद्रबाबू, कृपलानी हे गांधीजींच्या मसुद्याकडे झुकलेले होते. राजेंद्रबाबूंनी त्या मसुद्यात दुरुस्त्या करून नवा मसुदा केला, नेहरूंनी आपला वेगळा मांडला. मतं घेतली तेव्हा राजेंद्रबाबूंच्या बाजूला बहुमत होतं. मग अध्यक्ष मौलाना आझादांनी विषय परत उघडला, एकमत व्हावं म्हणून विनंती केली, आणि शेवटी बहुमतवाल्यांनी माघार घेऊन नेहरूंचा मसुदा एकमतानं मंजूर केला. महासमितीनंही तो स्वीकारला. बाहेर गेलेला ठराव अहिंसक असहकाराचा होता. जपानशी बोलणी वगैरे त्यात काही नव्हतं.

इथवर सगळं ठीक होतं. पण बैठक चालू असताना काँग्रेस कार्यालयातला एक साहाय्यक टिपणं घेत होता. कोण काय बोललं ते दोन-दोन, चार-चार वाक्यांत. ती टिपणं कुठल्याही सभासदाला दाखवली गेली नाहीत, मंजूर झाली नाहीत, अलाहाबादच्या कार्यालयात फायलीत पडून राहिली. मे महिन्याच्या अखेरीस पोलिसांनी त्या कार्यालयावर छापा घातला आणि कागद नेले. सरकारनं ते दोन महिने जपून ठेवले आणि ४ ऑगस्टला प्रसिद्ध केले. मुंबईत गवालिया टँकवर महासमिती भरायला तीन दिवस उरले होते. मुहूर्त काही योगायोगानं निघालेला नव्हता.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतून अमेरिका-इंग्लंडच्या वाचकाला काय समजलं? खुद्द नेहरू म्हणतात की, गांधींना जपान-जर्मनी जिंकणार असं वाटतं आणि ही भावना त्यांच्या नकळत त्यांचा निर्णय ठरवते. एका दगडात दोन पक्षी. गांधीजी जपानधार्जिणे ठरले, आणि तसा दाखला देणारा त्यांचा स्वतःचा वारस! जानेवारीतच, याच वर्ध्यात, महासमितीपुढे गांधीजींनी जवाहरलालला आपला वारस म्हटलं होतं.

नेहरूंनी लगेच खुलासा केला. त्यांनी मतभेद नाकारला नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. ते म्हणाले की टिपणं तुटक आहेत, कुणी तपासलेली नाहीत, आणि जागोजागी संदर्भ तोडला गेलाय. आणि मग त्यांनी नेमकं बोट ठेवलं. गांधीजींचं मत असं होतं की ब्रिटननं भारत आणि वसाहतींबद्दलचं धोरण बदललं नाही, तर ब्रिटन संकटाकडे चाललंय. आणि धोरण बदललं, लढाई खरोखर सगळ्या लोकांच्या स्वातंत्र्याची झाली, तर विजय दोस्तांचाच होईल. गांधीजींनीही त्याच दिवसांत सांगितलं की जपान आणि जर्मनी जिंकतील असं मी कधी म्हटलेलं नाही.

आता हे दोन वाक्यांत शेजारी-शेजारी ठेवून पाहू. पूर्ण विचार असा होता: ‘ब्रिटन बदललं नाही तर हरेल, बदललं तर जिंकेल.’ टिपणात उरलं ते असं: ‘गांधीजींना वाटतं जपान-जर्मनी जिंकणार.’ शब्दांच्या हिशेबात पाहिलं तर फार काही गेलेलं नाही. एक ‘जर’ गेला, एक ‘तर’ गेला, आणि वाक्याचा अर्धा भाग गेला. पण गांधीजींची अख्खी भूमिका त्या ‘जर’मध्येच होती. ‘जर’ ठेवला तर तो ब्रिटनला दिलेला इशारा होतो. काढला तर जपानवर लावलेली पैज होते.

इथे एक शंका तुम्ही घ्यायला हवी, आणि घेतली तर बरोबरच आहे. नेहरूंचा खुलासा नंतरचा आहे, अडचणीत सापडल्यावरचा आहे. अलाहाबादच्या खोलीत ते ‘जर’ म्हणाले होते कशावरून? कदाचित रागाच्या भरात त्यांनी बिनशर्त वाक्यच टाकलं असेल आणि बिचाऱ्या टिपणवाल्यानं ते जसंच्या तसं घेतलं असेल. हे शक्य आहे. आणि म्हणूनच हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. कारण समजा तसं झालं असेल, तरीही ते वाक्य सारांशात जावं का, हा प्रश्न उरतोच.

माझं उत्तर आहे, तसं जाऊ नये. का ते सांगतो.

भांडणात माणूस साधारण दोन प्रकारची वाक्यं बोलतो. एक प्रकार वस्तुस्थितीबद्दलचा: इंग्रज फौज गेली तर जपान येईल. दुसरा प्रकार समोरच्याच्या मनाबद्दलचा: तुम्हाला आतून जपानच जिंकणार असं वाटतंय, म्हणून तुम्ही असं बोलताय. पहिल्या प्रकाराला उत्तर देता येतं. फौज जाऊ नये, किंवा गेली तर अमुक करू. दुसऱ्याला काय उत्तर देणार? ‘नाही, मला तसं वाटत नाही’ एवढंच. आणि इथे तर तेही देता येत नव्हतं, कारण ज्याच्या मनाबद्दल बोललं जात होतं तो माणूस सातशे-आठशे किलोमीटर लांब सेवाग्रामच्या कुटीत बसला होता. म्हणजे टिपणात आरोप आहे, उत्तर नाही. वाचणाऱ्याला वाटतं, उत्तर नव्हतंच.

म्हणून सारांश लिहिणाऱ्यानं पहिला कात्रीचा घाव कुठे घालावा? हेतूंच्या वाक्यांवर. कोण कशामुळे असं बोलतोय याबद्दलची दुसऱ्याची विधानं आधी काढावीत. पण नुसती काढून भागत नाही. हेतूच्या वाक्याखाली बहुतेक वेळा एक मुद्दा दडलेला असतो, तो शोधून ठेवावा लागतो. नेहरूंच्या वाक्याखालचा मुद्दा होता की युद्धाचा निकाल काय लागेल याच्या अंदाजावर मसुदा उभा आहे, आणि तो अंदाज उघडपणे मांडून तपासला पाहिजे. हा मुद्दा जबरदस्त आहे. असं लिहिलं असतं तर नेहरूंचीही धार कमी झाली नसती आणि गांधीजींवरही अन्याय झाला नसता.

दुसरी गोष्ट, शब्द गाळावेत, अट गाळू नये. घाईत टिपणं घेणाऱ्याच्या हातून सगळ्यात आधी काय सुटतं ते पाहा. माणूस बोलत असतो तेव्हा शर्त आधी येते आणि निष्कर्ष नंतर. ‘अमुक झालं नाही तर, आणि तमुक परिस्थितीत, मला वाटतं की...’ इथपर्यंत टिपणवाला मागच्याचं वाक्य पुरं करत असतो. तो मान वर करतो तेव्हा निष्कर्ष चालू असतो. वहीत निष्कर्ष उतरतो. हा दुष्टपणा नव्हे, हाताचा वेग कमी पडतो. पण ओळखायचं कसं? एक सोपी खूण आहे. वही वाचताना एखाद्याचं मत त्याच्या विरोधकाला फारच सोयीचं वाटायला लागलं, तर समजावं की त्यातला ‘जर’ कुठेतरी सांडलाय. मग त्या माणसाला जाऊन विचारायचं.

आणि इथे येते आपल्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवरची पहिली ओळ. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ आपण ती ऐकतो, ‘मंजूर मंजूर’ म्हणतो आणि पुढे जातो. अलाहाबादच्या टिपणांना नेमकी हीच पायरी नव्हती. वाचून दाखवलं नाही, कायम केलं नाही. वाचून दाखवलं असतं तर नेहरूच म्हणाले असते, अहो, ते वाक्य असं नव्हतं. किंवा म्हणाले असते, मी तसं बोललो खरा, पण ते लिहू नका. दोन्हींतलं काहीही चाललं असतं.

याला एक बाजू आहे, ती इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला मांडलीच पाहिजे. सगळ्यांना वाचून दाखवून कायम केलेलं इतिवृत्त गुळगुळीत होतं. जो तो आपलं बोलणं सुधारून घेतो. अलाहाबादच्या कच्च्या टिपणांमुळेच आज आपल्याला कळतं की आधी बहुमत राजेंद्रबाबूंकडे होतं आणि नंतर ते नेहरूंच्या मसुद्यावर आले. पोलिसांनी छापा घातला नसता तर कदाचित हे आपल्याला एवढ्या तपशिलात कळलंच नसतं. म्हणजे जे इतिहासाला उपयोगी ते त्या क्षणी माणसांना घातक, असा हा पेच आहे.

त्यातून वाट काढायची तर कागद वेगळे ठेवावे लागतात. कच्ची टिपणं हा एक कागद, तो लिहिणाऱ्याच्या स्मरणासाठी. इतिवृत्त हा दुसरा, सभासदांसाठी, वाचून कायम केलेला. ठराव किंवा निवेदन हा तिसरा, बाहेरच्यांसाठी. प्रत्येकातून गाळायच्या गोष्टी निराळ्या. ‘बहुमतानं माघार घेतली’ ही गोष्ट ठरावातून गाळणं योग्यच होतं, कारण एकमत झालं हेही खरंच होतं आणि बाहेर जाताना तेच सांगायचं होतं. पण इतिवृत्तातून ती गाळली तर ज्यांनी मन मोठं करून माघार घेतली त्यांच्यावर अन्याय होतो. पुढे ठराव फसला तर ‘तुम्हीही हात वर केला होता’ एवढंच त्यांच्या नावावर राहतं. अलाहाबादला गफलत झाली ती ही की पहिल्या प्रकारचा कागद तिसऱ्या प्रकारच्या वाचकांपुढे गेला.

आता परत वर्ध्याला येऊ, जुलै १९४२ मध्ये. म्हणजे टिपणं पोलिसांच्या ताब्यात आहेत, पण अजून छापलेली नाहीत. कार्यसमिती वर्ध्याला बसली आणि १४ जुलैला ब्रिटिश सत्तेनं भारतातून जावं असा ठराव केला. तोच पुढे मुंबईत ८ ऑगस्टच्या ठरावाचा पाया झाला.

या ठरावात एक कलम आहे. ब्रिटिश सत्ता जावी याचा अर्थ सगळ्या इंग्रज माणसांनी निघून जावं असा नाही, आणि जपानचं आक्रमण परतवण्यासाठी दोस्तांच्या फौजा भारतात राहायला काँग्रेसची हरकत नाही. एप्रिलमध्ये नेहरूंचा आक्षेप काय होता? फौज एकदम गेली तर पोकळीत जपान शिरेल. मधल्या काळात गांधीजींनी हा मुद्दा मान्य केला. जूनमध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार आठवडाभर सेवाग्रामला राहिला, त्याच्याशी बोलताना आणि चँग कै-शेक यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी तसं सांगितलंही. जुलैत तो ठरावाचा भाग झाला. नेहरूंचं नाव नाही, ‘आक्षेप घेण्यात आला’ असंही नाही, पण आक्षेप पूर्ण जिवंत आहे. तो निर्णयाची अट होऊन बसलाय. मला वाटतं, एखाद्याच्या विरोधाला यापेक्षा मोठा न्याय सारांशात देता येत नाही. गंमत अशी, की ४ ऑगस्टला सरकारनं एप्रिलचं भांडण छापलं तेव्हा त्या भांडणाचा तोडगा जुलैच्या ठरावात आधीच छापून झाला होता. पण वाचक आधी भांडण वाचतो.

जुलैच्या ठरावातून काय गाळलं गेलं ते मात्र आपल्याला मौलाना आझादांच्या आत्मकथनातून कळतं. ते त्यांच्या निधनानंतर, १९५९ मध्ये प्रसिद्ध झालं. आझाद लिहितात की वर्ध्याला त्यांचे आणि गांधीजींचे मतभेद इतके ताणले गेले की आपण दोघं बरोबर काम करू शकत नाही, तुम्ही अध्यक्षपद सोडावं, अशा आशयाचं पत्र गांधीजींनी त्यांना पाठवलं. मग पटेल मध्ये पडले, गांधीजींनी ते पत्र मागे घेतलं आणि समितीपुढे स्वतःकडे कमीपणा घेऊन विषय मिटवला. ठरावात यातलं अक्षर नाही. हे गाळणं योग्य होतं? माझ्या मते होतं. पत्र मागे घेतलं गेलं, म्हणजे ते त्या निर्णयाचा भाग राहिलं नाही. कुणी कुणाची क्षमा मागितली ही त्या दोघांची गोष्ट. पुढे त्यातल्याच एकानं ती स्वतःच्या नावावर सांगितली, हेही बरोबर झालं.

पण याच प्रसंगात दुसरी एक गोष्ट आहे, ती वेगळी काढली पाहिजे. आझादांची शंका. त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांना वाटत होतं की शत्रू सीमेवर असताना सरकार चळवळीला सवड देणार नाही, ठराव होताच सगळ्यांना उचलेल, आणि मग लोकांना दिशा द्यायला कुणी उरणार नाही. गांधीजींना सरकार एवढ्या तडकाफडकी वागेल असं वाटत नव्हतं. पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत अटका झाल्या आणि देशभर लोकांनी आपापल्या परीनं चळवळ चालवली. वर्धा जिल्ह्यात आष्टीला १६ ऑगस्टला जे झालं, पोलीस ठाण्यावरचा मोर्चा, गोळीबार, दोन्हीकडचे मृत्यू, ते अशाच नेतृत्वहीन दिवसांत झालं.

आता पाहा, राजीनाम्याचं पत्र आणि अटकेची शंका, या दोन्ही गोष्टी एकाच भांडणातल्या, एकाच दिवसांतल्या, एकाच माणसाशी जोडलेल्या. टिपण घेणाऱ्याला त्या एकत्रच ऐकू येतात, आणि ‘आझाद-गांधी खटका, मिटला’ असं लिहून तो मोकळा होतो. पण पत्र गाळण्यासारखं होतं आणि शंका ठेवण्यासारखी. ठरावात नव्हे, ठराव म्हणजे शेवटी लोकांपुढचं आवाहन. पण आतल्या इतिवृत्तात एक ओळ हवी होती: ‘सर्व नेत्यांना एकदम अटक झाल्यास पुढे काय, हा प्रश्न अध्यक्षांनी उपस्थित केला, त्यावर निर्णय झाला नाही.’ ही ओळ मी बनवलेली आहे, नमुना म्हणून. तिच्यात कुणाचा राग नाही, कुणाचा हेतू नाही, कोण बरोबर तेही नाही. पण पुढच्या बैठकीत कुणी ती वाचली असती तर विचारलं असतं, याचं काय ठरलं?

शेवटी सरकारचाही सारांश पाहू, कारण सारांश दोन्ही बाजूंनी लिहिले जातात. फेब्रुवारी १९४३ मध्ये सरकारनं एक पुस्तिका काढली, १९४२ च्या उठावाला काँग्रेस कशी जबाबदार आहे हे दाखवणारी. त्यात गांधीजींच्या लेखांतले आणि या टिपणांतले उतारे एकापुढे एक लावलेले आहेत. गांधीजी तेव्हा आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. १५ जुलै १९४३ ला त्यांनी गृहखात्याला भलंमोठं उत्तर पाठवलं. त्या उत्तराची पद्धत बघण्यासारखी आहे. ते सरकारच्या निष्कर्षाशी हुज्जत घालतातच, पण वारंवार एकच काम करतात: तुम्ही घेतलेलं वाक्य हे, त्याच्या आधीचं आणि नंतरचं तुम्ही गाळलेलं हे, आता पूर्ण वाचा. पुस्तिकेतले उतारे खोटे असण्याची गरजच नव्हती. प्रत्येक शब्द खरा ठेवून, फक्त काय गाळायचं ते ठरवून, माणसाला हवं ते बोलायला लावता येतं.

म्हणून कुणी म्हणालं की ‘मी काही पदरचं घातलं नाही, जे बोलले तेच लिहिलं’, तर त्यानं सारांशाचा न्याय सिद्ध होत नाही. अलाहाबादचा टिपणवालाही हेच म्हणू शकला असता, आणि गृहखात्याचा अधिकारीही. परीक्षा वेगळी आहे. सारांश घेऊन हरलेल्या माणसाकडे जायचं, आणि जो खोलीत नव्हता त्याच्याकडे जायचं, आणि विचारायचं, यात तुमचं म्हणणं तुम्हाला ओळखू येतं का? ‘आवडतं का’ असं विचारायचं नाही, कारण हरलेल्याला ते आवडणार नाहीच. ओळखू येतं का, एवढंच. जून १९४० चं निवेदन गांधीजींना आवडण्याचं कारण नव्हतं, पण त्यात त्यांची भूमिका त्यांना ओळखू येत होती. १९४२ ची टिपणं नेहरूंची होती आणि नेहरूंनाच ती ओळखू आली नाहीत.

वेळ संपत आलीय, थांबतो. ज्यांच्या गावच्या ग्रामसभेची किंवा सोसायटीची जुनी इतिवृत्तं पाहण्यात आली असतील, त्यांनी प्रश्नोत्तरांत त्यातली उदाहरणं जरूर सांगावीत.